लेटंट हीटचा हीटर-बॅलन्सवाला प्रयोग: आधी उत्तर जास्त येत होतं, आता कमी येतंय

सानिका_लॅब
नमस्कार मंडळी. मी शाळेत फिजिक्सची लॅब बघते. पाण्याच्या बाष्पनाची लेटंट हीट काढायचा प्रयोग मोठ्या मुलांकडून करून घेतेय, तो वाफ कॅलरीमीटरमध्ये सोडायचा जुना नाही, तर बॅलन्सवर बीकर ठेवून त्यातलं पाणी हीटरने उकळवायचं आणि किती ग्रॅम उडालं ते बॅलन्सवरच वाचायचं, तो.

मांडणी सांगते. 250 मिलीचा बीकर, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक बॅलन्स, मध्ये कॉर्कची जाड चकती म्हणजे तव्यासारखी उष्णता खाली बॅलन्सला लागत नाही. हीटर 12 व्होल्ट 100 वॅटचा इमर्शन, स्टँडला क्लॅम्प करून वरून पाण्यात सोडलेला, बीकरच्या तळाला किंवा काचेला कुठेही टेकत नाही. पाणी चांगलं खळखळायला लागलं की थोडा वेळ जाऊ देतो आणि मग स्टॉपवॉच चालू, बरोबर 10 मिनिटं.

पहिलं रीडिंग: 11.8 व्होल्ट, 8.1 अँपिअर, 10 मिनिटांत बॅलन्स 20.6 ग्रॅमने उतरला. म्हणजे 95.6 गुणिले 600 भागिले 20.6, उत्तर 2780 ज्यूल प्रति ग्रॅमच्या आसपास. पुस्तकात 2260. आता हे जास्त का ते मुलांनाही कळतं, बीकर आजूबाजूची हवा तापवत बसतो आणि ती उष्णता आपण पाण्याच्या खात्यावर लिहितो.

म्हणून पॉवर कमी करून परत घेतलं. 9.0 व्होल्ट, 6.2 अँपिअर, तेवढ्याच वेळात 9.5 ग्रॅम. दोन्हीकडे पाणी उकळतंच आहे, तापमान तेच, तर बाहेर जाणारी उष्णताही तीच, सबब वजाबाकी केली की ती उडून जाते. पॉवरमधला फरक 39.8 वॅट, वजनातला फरक 11.1 ग्रॅम, उत्तर 2150.

आणि इथे अडलंय. उष्णता वाया जाते म्हणून उत्तर जास्त येतं हे पटतं, पण वजाबाकीनंतर कमी कसं आलं? मुलं विचारतायत की मॅडम आता काय पाण्यात उष्णता बाहेरून आली का. परत करून बघितलं तरी खालच्याच बाजूला येतंय, त्यामुळे वाचण्यातली चूक वाटत नाही.

टवाळ_तात्या
अहो ताई सोप्पंय, वाफेबरोबर थोडं पाणी पण जातं ना नळीतून. आमच्या वेळी सर ओरडून ओरडून सांगायचे, स्टीम ट्रॅप लावा, स्टीम ट्रॅप लावा, कोरडी वाफ जाऊ दे कॅलरीमीटरमध्ये. ओली वाफ गेली की उत्तर कमी येणारच, कारण जे आधीच पाणी झालंय ते कुठून देणार लेटंट हीट. आमच्याकडे 540 यायला पाहिजे तिथे 490 यायचं आणि वही लाल व्हायची.

सानिका_लॅब
तात्या, तो दुसरा प्रयोग, तुमचं 540 कॅलरीत आहे. इथे नळी नाही, कॅलरीमीटर नाही, वाफ सरळ हवेत जाते. वाचा ना वर, पहिल्याच ओळीत लिहिलंय.

टवाळ_तात्या
वाचलं वाचलं. पण मुद्दा तोच राहतो की. पाणी वाफ न होता बाहेर पडतंय.

खटपट्या
तात्या चुकून बरोबर बोलले आहेत :) हे शिंतोडे आहेत. 95 वॅटला पाणी जोरात उकळतं, बुडबुडे फुटतात, बारीक थेंब काठावरून बाहेर. बॅलन्सला काय, वजन गेलं म्हणजे गेलं, ते वाफ होऊन गेलं की उडी मारून गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कमी पॉवरला हे जवळजवळ होत नाही म्हणून वजाबाकीत ते कटत नाही.

आणि दुसरं, मला ती दोन पॉवरची वजाबाकी कधीच आवडली नाही. सरळ उष्णतेचा लॉस मोजा ना. हीटर बंद करा, पाणी किती वेगाने थंड होतंय ते थर्मामीटरवर बघा, त्यावरून वॅट काढा आणि पहिल्याच रीडिंगमधून वजा करा. एका रनमध्ये काम.

वजनकाटा
खटपट्या, शिंतोड्यांचं म्हणणं तपासण्यासारखं आहे, त्याकडे येतो. पण थंड होण्याच्या वेगावरून लॉस काढायचा नाही, तिथे मोठी गोची आहे. सानिकाताई, तुमच्याकडे थर्मामीटर आहे तर करून बघाच एकदा आणि आकडा इथे टाका, मग बोलू.

सानिका_लॅब
केलं. बीकरमध्ये साधारण 200 ग्रॅम पाणी होतं, हीटर बंद केल्यावर 2 अंश उतरायला 40 सेकंद लागले. म्हणजे 200 गुणिले 4.19 गुणिले 2 भागिले 40, जवळपास 42 वॅट. ते 95.6 मधून वजा केलं तर लेटंट हीट 1560 येते!! हे काहीतरीच.

वजनकाटा
काहीतरीच नाही, अगदी असंच यायला हवं. हीटर बंद केल्यावर बॅलन्सकडे बघितलंत का? आकडा तरीही उतरतच असणार. नुकतं उकळायचं थांबलेलं पाणी उघड्या तोंडाच्या बीकरमध्ये आहे, वरून भराभर बाष्पीभवन चालू आहे, आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पाणी स्वतःतून काढतंय, म्हणून ते इतक्या लवकर थंड होतंय. आता विचार करा, ही उष्णता प्रयोग चालू असताना लॉस आहे का? नाही. वाफ करण्यात गेलेली उष्णता हीच तर आपल्याला मोजायची आहे, तिचं वजन आपण त्या 20.6 मध्ये धरलेलंच आहे. खटपट्याच्या पद्धतीत आपण कमाई आणि खर्च दोन्ही एकदमच वजा करतोय.

खरा लॉस, म्हणजे काचेतून आणि तळातून हवेला जाणारा, ताईंच्याच दोन रीडिंगवरून निघतो. समीकरण VIt = mL + Ht. दोन रीडिंग, L आणि H हे दोनच अज्ञात. H येतो सुमारे 22 वॅट. हाताच्या पंजाएवढ्या बीकरच्या बाहेरच्या बाजूला हवा लागते तर एवढं जाणं अगदी रास्त आहे. 42 मधले उरलेले 20 म्हणजे उघड्या तोंडातलं बाष्पीभवन.

खटपट्या
हं. तोंड झाकून थंड केलं तर?

वजनकाटा
तर बरंच जवळ येईल, पण मग झाकणाला लागून परत पडणाऱ्या थेंबांचा हिशोब सुरू होतो. करून बघायला हरकत नाही, पण दोन पॉवरच्या वजाबाकीपेक्षा ते चांगलं कसं ठरेल मला दिसत नाही.

ओम_बारावी
मध्येच विचारतो, आमच्या ग्रुपचं उत्तर वजाबाकी करूनही 2400 च्या वर आलं होतं, कमी नाही जास्तच. आमच्या सरांनी लिहिलं "उष्णतेचा ऱ्हास" आणि विषय संपला. पण वजाबाकीत ऱ्हास जातो ना? मग?

वजनकाटा
ओम, व्होल्टमीटर कुठे लावला होतास? पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर की हीटरच्या टर्मिनलवर?

ओम_बारावी
सप्लायलाच. सप्लायवरच डिजिटल व्होल्टमीटर आहे ना, तोच वाचला. वेगळा कशाला लावायचा

वजनकाटा
ते घे तुझं उत्तर. 8 अँपिअर म्हणजे लहान करंट नाही. शाळेतल्या लांब लांब कनेक्टिंग वायरी, वर क्रोकोडाइल क्लिपा, जायचा आणि यायचा मिळून 0.1 ओहम सहज होतो. 8 अँपिअरला तिथेच 0.8 व्होल्ट पडतात, साडेसहा वॅट वायरीतच गरम होतात. तू ते पाण्यात गेले असं धरलंस. हीटरच्या दोन टोकांवर थेट वेगळा व्होल्टमीटर लाव, सप्लायचा आकडा विसर.

आणि हे वजाबाकीत का गेलं नाही ते बघ, कारण ताईंच्या प्रश्नाची किल्लीही तिथेच आहे. बीकरचा लॉस दोन्ही रनमध्ये तेवढाच, 22 वॅट इकडे, 22 वॅट तिकडे, वजा केला की गेला. वायरीतली गळती तशी नाही. हीटरचा रेझिस्टन्स आणि वायरीचा रेझिस्टन्स दोन्ही ठरलेले, म्हणून सप्लायच्या पॉवरचा ठराविक टक्का नेहमीच वायरीत जाणार, पॉवर मोठी असो की लहान. दोन्ही आकडे 7 टक्क्यांनी फुगलेले असतील तर त्यांची वजाबाकीही 7 टक्क्यांनी फुगलेलीच राहते. वजाबाकी फक्त दोन्हीकडे सारखी असलेली बेरीज मारते, दोन्हीकडे लागलेला गुणाकार तिला दिसतही नाही.

ओम_बारावी
ओह्ह. म्हणजे माझ्या उत्तरातून 7 टक्के काढले तर 2250 च्या आसपास. भारी. हे आधी कोणी का नाही सांगत

रिकामटेकडा
वाखूसा. पुढचा प्रतिसाद लवकर टाका, चहा थंड होतोय.

सानिका_लॅब
माझा व्होल्टमीटर हीटरलाच आहे, ते मी कटाक्षाने बघते. आणि तो चुकला असता तर उत्तर जास्त आलं असतं, माझं कमी आहे. तुम्ही म्हणता किल्ली तिथे आहे, म्हणजे माझ्याकडेही काहीतरी गुणाकार आहे पण उलट्या बाजूचा? शिंतोडे का मग?

खटपट्या म्हणाले म्हणून कॉर्कच्या चकतीखाली आणि आजूबाजूला काळा कागद पसरून 95 वॅटचा रन परत घेतला. कागदावर थेंबांचे डाग मोजता येतील इतकेच, आणि तेही बारीक टिंबं. बीकरच्या आतल्या काचेवर मात्र भरपूर थेंब, पण ते आतच ओघळतात.

वजनकाटा
उत्तम, हे करायलाच हवं होतं. चांगला मोठा थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा असतो. तुमचा 4-5 टक्के फरक भरून काढायला 95 वॅटच्या रनमध्ये अर्धा ग्रॅम उडायला हवं, म्हणजे असे दहा मोठे थेंब. कागदावर बारीक टिंबं असतील तर तितकं भरत नाही.

मग उरलं ते हे. तुमचा हीटर स्टँडला टांगलाय, बीकरवर ठेवलेला नाही. बरोबर केलंय, नाहीतर वायरींच्या ताणाने बॅलन्स वेड्यासारखा वर-खाली करतो. पण पाण्यात टांगलेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं, आणि ती वस्तू पाण्याला तेवढ्याच जोराने खाली ढकलते. तो जोर बॅलन्सला कळतो. म्हणजे बॅलन्सवर जो आकडा दिसतो तो नुसता बीकर आणि पाण्याचा नाही, हीटरने जेवढी जागा अडवलीय तेवढ्या पाण्याचं वजनही त्यात आहे. खात्री करायची असेल तर हीटर बंद असताना क्लॅम्प सैल करून हीटर थोडा वर उचला, पाण्याचा थेंबही न काढता बॅलन्सचा आकडा उतरेल.

आता पाणी उडतंय, पातळी खाली जातेय. हीटर जागच्या जागी आहे, पण त्याचा पाण्यात बुडालेला भाग कमी होत चाललाय. म्हणून बॅलन्स दोन कारणांनी उतरतो, एक पाणी गेलं म्हणून आणि दुसरं हीटरचा ढकल कमी झाला म्हणून. आपण सगळं पाण्याच्या नावावर लिहितो. वजन जास्त गेल्यासारखं दिसतं, लेटंट हीट कमी येते. आणि जेवढं पाणी जास्त उडेल तेवढा हा परिणाम जास्त, ठराविक प्रमाणात. गुणाकार. म्हणून वजाबाकीत टिकून राहिला.

बीकरचा आतला व्यास आणि हीटरच्या दांड्याचा व्यास सांगा.

सानिका_लॅब
हे डोक्यातच आलं नव्हतं. बीकर आतून 6.8 सेंटिमीटर, हीटरचा दांडा सरळ नळीसारखा आहे, व्यास साडेबारा मिलिमीटर.

वजनकाटा
बीकरचा आडवा छेद 36.3 चौरस सेंटिमीटर, हीटरचा 1.23. पातळी एक सेंटिमीटर उतरली की बॅलन्सला पूर्ण 36.3 घन सेंटिमीटर पाणी गेल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या दृष्टीने हीटरची जागाही पाण्यानेच भरलेली होती. खरं पाणी गेलं फक्त 35.1. गुणोत्तर 1.035. तुमचं 2150 याने गुणा, 2225 येतं. पाण्याची घनता उकळताना कमी असते वगैरे काही आणू नका, गुणोत्तरात ती वर-खाली दोन्हीकडे आहे, कटते.

सानिका_लॅब
थांबा, थर्मामीटर पण त्याच स्टँडला टांगलेला असतो पाण्यात! तो 6 मिलिमीटर.

वजनकाटा
मग त्याचे 0.28 धरा. एकूण 1.51, गुणोत्तर 1.043, उत्तर 2243. थर्मामीटर काढून टाका खरं तर, या प्रयोगात त्याचं काम नाही, उकळतंय हे डोळ्यांना दिसतंय आणि सूत्रात तापमान कुठेच येत नाही.

पण माझ्यावर विश्वास ठेवून गुणू नका, मुलांना करून दाखवा. हीटर आणि थर्मामीटर जिथे आहेत तिथेच ठेवा, सगळं बंद, पाणी थंड. सिरिंजने बीकरमधलं साधारण 20 ग्रॅम पाणी काढून दुसऱ्या बॅलन्सवर वजन करा. सिरिंजचं टोक बाहेर काढल्यावरच पहिल्या बॅलन्सचं रीडिंग घ्या. दोन आकडे सारखे येणार नाहीत.

सानिका_लॅब
केलं, मुलांसमोरच केलं. बाहेर काढलेलं पाणी दुसऱ्या बॅलन्सवर 20.1 ग्रॅम. आमच्या बीकरचा बॅलन्स मात्र 20.9 ने उतरला!! मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला मॅडम बॅलन्स बिघडलाय. मग क्लॅम्प सैल करून हीटर पूर्ण वर घेतला, आणि तसंच सिरिंजने परत काढलं, तर दोन्ही बॅलन्स जुळले. वर्गात एकदम शांतता आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

20.9 भागिले 20.1 म्हणजे 1.04. हिशोबाशी जुळतं.

खटपट्या
मान गये काका. पण मग पहिल्या एका रनवर जे 2780 आलं होतं, त्यातही हा 4 टक्के होताच की. म्हणजे खरं ते 2900 होतं.

वजनकाटा
होय. एका रनमध्ये दोन चुका विरुद्ध दिशेने खेचत होत्या, मोठी जिंकली म्हणून लहान दिसली नाही. लॉस काढून टाकल्यावर ती उघडी पडली.

मिनू
मी शिक्षक नाही पण हे वाचून घरी केटल घेऊन बसले. केटलवर 1500 वॅट लिहिलंय. पाणी उकळल्यावर झाकण उघडं ठेवलं म्हणजे ती आपोआप बंद होत नाही, 2 मिनिटं उकळू दिली, आधी आणि नंतर केटल उचलून काट्यावर वजन केलं, 74 ग्रॅम गेलं. 2430 आलं. एकाच रनमध्ये, वजाबाकी न करता! तुमच्या लॅबच्या 2780 पेक्षा केटल भारी निघाली की.

वजनकाटा
भारी आहेच, आणि त्यामागे कारण आहे. केटलचा बाहेर जाणारा लॉस समजा 60 वॅट असेल, तर 1500 मध्ये तो 4 टक्के. ताईंच्या हीटरला 95 मधले 22 म्हणजे जवळपास पाव भाग. लॉस हा भांड्याच्या आकारावर आणि तापमानावर ठरतो, हीटर मोठा असला म्हणून तो त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मोठ्या हीटरला त्याची झळ कमी. शिवाय तुम्ही केटल उचलून वजन केलंत त्यामुळे वायरीचा ताण नाही आणि टांगलेला हीटरही नाही, तो ढकलण्याचा प्रकारच नाही.

पण 1500 हे मोजलेलं नाही, छापलेलं आहे. घरातला व्होल्टेज थोडा कमी असेल तर पॉवर त्याच्या वर्गाने कमी होते, 3 टक्के व्होल्टेज कमी म्हणजे 6 टक्के पॉवर कमी. त्यामुळे तुमचं उत्तर 2430 आलं यात लॉस किती आणि छापील आकडा किती हे सांगता येत नाही. आणि उघड्या केटलवर वाकून बघू नका, वाफेने भाजतं ते उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण हाच तो 2260 चा आकडा तुमच्या कातडीवर रिकामा होतो.

मिनू
बघितलं नाही हो वाकून, स्टॉपवॉच लांबूनच चालू होतं :)

टवाळ_तात्या
मला एक सांगा, इतकं सगळं करण्यापेक्षा आमची वाफ-कॅलरीमीटरवाली पद्धत काय वाईट होती

वजनकाटा
वाईट नव्हती तात्या, पण तिथे ओली वाफ हा एकच राक्षस आणि तो दिसत नाही. इथे चार चुका आहेत पण प्रत्येक वेगळी काढून दाखवता येते. आणि ही कल्पना काही नवीन नाही, 1760 च्या दशकात जोसेफ ब्लॅकने एकसारख्या आचेवर पाणी उकळायला किती वेळ लागला आणि मग सगळं आटायला किती वेळ लागला, असं घड्याळावरच ताडून बघितलं होतं. आपण आचेऐवजी हीटर आणि आटण्याऐवजी बॅलन्स ठेवला, बाकी तेच.

ग्रॅमभर
मी लॅब असिस्टंट आहे, एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे एका ग्रुपने बीकर पाण्यासकट बॅलन्सवर ठेवून टेअर दाबलं, म्हणजे आकडा शून्य, मग सरळ किती उडालं ते वाचायचं, वजाबाकीचा त्रास नको. मोठ्या पॉवरला ठीक चाललं. कमी पॉवरला बॅलन्स 0.0 वरच बसून राहिला. पाणी उकळतंय, वाफ दिसतेय, आकडा हलेना. पोरांना वाटलं बॅटरी गेली. नंतर कळलं की काही बॅलन्समध्ये शून्याच्या आसपास हळूहळू सरकणारा आकडा तो स्वतःच परत शून्यावर आणतो, धूळ किंवा तापमानाने शून्य सरकू नये म्हणून दिलेली सोय असते ती. 9.5 ग्रॅम 10 मिनिटांत म्हणजे सेकंदाला 0.016 ग्रॅम, इतकं हळू गेलं तर त्याला ते सरकणंच वाटतं आणि तो गिळून टाकतो. तेव्हापासून नियम, टेअर दाबायचं नाही, पूर्ण वजन वाचायचं, 300 पासून 290 पर्यंत जाऊ दे.

वजनकाटा
हे लाखमोलाचं. आणि गंमत म्हणजे हा दोष फक्त कमी पॉवरच्या रनला झोडतो, त्यामुळे दोन रनमधला वजनाचा फरक फुगतो आणि उत्तर कमी येतं. सानिकाताई, तुम्ही टेअर दाबत होतात का?

सानिका_लॅब
नाही, पूर्ण वजनच लिहितो आम्ही. देव पावला.

आता पुढचं विचारते. 2243 झालं, पुस्तकापेक्षा अजून थोडं कमीच. तो उरलेला अर्धा-पाऊण टक्का शिंतोडे म्हणू का?

वजनकाटा
म्हणू नका. तुमचा बॅलन्स 0.1 चा, प्रत्येक रनमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, खळखळत असताना आकडा नाचतही असतो, 11.1 मध्ये 0.2 इकडेतिकडे सहज. म्हणजे 2 टक्के. त्याच्या आत जे काही आहे त्याला नाव देता येत नाही. हे कमी करायचं असेल तर दोन रीडिंगवर विसंबू नका, दर मिनिटाला वजन लिहा आणि वजन-वेळ ग्राफची चढण घ्या. त्याचा आणखी फायदा, सुरुवातीला काचेचा वरचा भाग तापेपर्यंत तिथे वाफ थिजून परत ओघळते, तेवढी मिनिटं ग्राफ वाकडा दिसतो, ती सोडून सरळ भागच घेता येतो. आणि दोनच पॉवर न घेता चार-पाच घ्या, पॉवर उभ्या अक्षावर, दर सेकंदाला गेलेले ग्रॅम आडव्यावर, सरळ रेषेची चढण म्हणजे लेटंट हीट आणि उभ्या अक्षाला जिथे छेदते तो लॉस.

खटपट्या
एक शंका राहिलीच. तुम्ही म्हणता लॉस दोन्ही पॉवरला सारखा. पाण्याच्या पातळीखालच्या काचेपुरतं मान्य, तिथे 100 अंशच. पण पातळीच्या वर रिकामी काच आहे ना, जोरात उकळताना ती वाफेने भरलेली असते, 100 च्या जवळ तापते. हळू उकळताना वरून हवा आत शिरते, ती काच कोमट राहते. मग लॉस सारखा कुठे राहिला? मोठ्या पॉवरला जास्तच जाणार.

वजनकाटा
शाब्बास, हे खरं आहे. यामुळे उत्तर थोडं जास्त येईल, शिंतोड्यांच्या उलट बाजूला. किती ते भांड्यावर आहे. बीकर काठापर्यंत भरला तर वरची काच कमी, पण शिंतोडे जास्त. कमी भरला तर उलटं. मी स्वतः बीकरला बाहेरून लोकरीचं किंवा फोमचं जाड वेष्टण घालतो, काठापर्यंत, म्हणजे वरच्या काचेतूनही कमीच जातं आणि त्यातला फरक त्याहून कमी. पण वेष्टण ओलं झालं तर तेही वजनात येतं, त्यामुळे काठावरून ओघळ येत नाही ना ते बघायचं.

खटपट्या
मी झाकणाच्या बाजूचा. मध्ये हीटरपुरतं भोक आणि शेजारी वाफ जायला दुसरं भोक असलेलं पातळ झाकण, म्हणजे आत कायम वाफच राहील, दोन्ही पॉवरला काच सारखी तापेल आणि शिंतोडेही अडतील.

वजनकाटा
झाकण हीटरच्या दांड्याला जरा जरी चिकटलं की बॅलन्सवर तो ताण आलाच. मला तो व्याप नको वाटतो. पण भोक मोठं ठेवून कोणी करत असेल तर आकडे बघायला आवडतील.

सानिका_लॅब
पुढच्या बॅचला दोन ग्रुप करते, एक झाकणवाला, एक वेष्टणवाला, दोघांनाही पाच पॉवर. 60 वॅटच्या खाली गेलं तर नीट उकळत राहील का अशी भीती आहे, 22 तर बाहेरच जातात. हीटरचा तापणारा भाग शेवटपर्यंत पाण्याखाली राहायला हवा म्हणून पाणी 220 पासून सुरू करतो. आकडे आले की इथेच टाकते.

ओम_बारावी
मॅडम 45 वॅटला पण उकळतं, आम्ही केलंय, फक्त बुडबुडे हीटरजवळच दिसतात आणि आकडा खूप हळू हलतो, 10 ऐवजी 20 मिनिटं घ्या